मोडीचा कोर्स संपल्यानंतर: अँकीवर सोळा महिने उजळणी करून आलेला अनुभव

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी मोडी लिपीचा बारा दिवसांचा वर्ग केला. शेवटच्या दिवशी पेशवेकालीन पत्राच्या सात-आठ ओळी न अडखळता वाचल्या होत्या. गणपतीत सगळे घरी जमले तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माळ्यावरची पेटी खाली काढली आणि म्हणाले, "सूनबाई, आता तुला येतं ना, वाच बघू." पहिल्या ओळीतली जेमतेम चार अक्षरं लागली. वर्ग संपून साडेतीन महिनेच झाले होते. राजापूरजवळच्या आमच्या गावात मोडी वाचणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि पेटीत साठेक कागद आहेत. म्हणून विसरणं थांबवायचंच असं ठरवलं आणि ऑक्टोबरपासून अँकी हे उजळणीचं अ‍ॅप वापरायला लागले. त्यात पुढे प्रश्न, मागे उत्तर अशी कार्डं आपण करायची आणि अ‍ॅप ती ठराविक अंतराने विचारतं. अँड्रॉइडवर ते AnkiDroid नावाने फुकट मिळतं.

आधी एक दिलासा देणारी गोष्ट. विसरण्याचा आलेख पहिल्यांदा मांडला तो हर्मान एबिंगहाउस यांनी, 1885 साली, निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून. त्यांनी मोजलं ते "किती आठवतं" नव्हे, तर तेच परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते. एका दिवसानंतर ही बचत साधारण एक तृतीयांश उरली होती आणि महिन्यानंतर साधारण एक पंचमांश. घसरण सुरुवातीला उभी असते, मग आडवी होत जाते. माझंही तसंच झालं. सगळं पुसलं गेलं असं वाटत होतं, पण वर्गाची वही उघडून बसले तर बाराखडी तीन संध्याकाळीत परत आली. पहिल्यांदा तिला सहा दिवस लागले होते. तेव्हा ज्यांचा कोर्स मागे पडला आहे त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावू नये. दोन-तीन दिवस जुनी वही चाळावी आणि लगेच कार्डं करायला घ्यावीत.

पहिली कार्डं मी चुकीची केली. मोडीला 2014 पासून युनिकोडमध्ये जागा आहे, टंकही मिळतात, म्हणून संगणकावरच्या सुबक अक्षरांची पन्नासेक कार्डं केली. पंधरा दिवसांत सगळी तोंडपाठ झाली, आणि पेटीतला कागद समोर धरला तर पुन्हा अंधार. लेखनिक बोरूने, हात न उचलता लिहायचा. एकाच अक्षराचं वळण तीन कागदांत तीन तऱ्हांचं असतं, आणि शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. मग कागदांचे फोटो काढून त्यातले शब्द कापून कार्डं केली. यातही एक खोट निघाली, ती ओळखायला मला महिना लागला. एका कार्डावर शब्दाच्या उजव्या कोपऱ्यात वाळवीचं भोक होतं. ते भोक दिसलं की माझ्या तोंडून "मौजे" येई, अक्षर बघायचं कामच पडत नसे. कार्ड बरोबर, वाचन शून्य. यावर उपाय एवढाच की प्रत्येक शब्दाची वेगवेगळ्या कागदांतली तीन-चार चित्रं घ्यायची आणि ती काळी-पांढरी करून डाग शक्य तितके घालवायचे. उत्तर एका क्षणात, अक्षर न बघता येत असेल तर ते कार्ड काढून टाकावं.

आता सुहूर सनाबद्दल, म्हणजे जुन्या पत्रांतल्या कालगणनेबद्दल, जरा सविस्तर सांगते, कारण कार्ड कसं करावं हे मला तिथे कळलं. जुन्या पत्रांत साल अरबी शब्दांत येतं. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. पुढे दशक: अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मी ही सगळी यादी एकाच कार्डावर घातली होती. त्यातला एक शब्द चुकला तरी अख्खं कार्ड चुकायचं, रोज परत यायचं, आणि आठव्यांदा चुकल्यावर अँकीने त्यावर `leech` असा शिक्का मारला. हा शिक्का बसला की समजावं, आपली आठवण कमजोर नाही, कार्डाची बांधणी वाईट आहे.

यादी फोडून एका शब्दाला एक कार्ड केलं. तरी सलास-सलासीन, सबा-सबैन, सीत-सितैन या जोड्या गोंधळ घालत राहिल्या. तेव्हा या जोड्यांचीच वेगळी कार्डं केली: "सबा की सबैन, दशक कोणतं?" अशरीनपासून पुढच्या सगळ्या दशकांच्या शेवटी "न" आहे, हे एकदा डोक्यात बसल्यावर तो गोंधळ थांबला. शेवटी पूर्ण सालाची पाच कार्डं केली. त्यातल्या एकाला मी खुंटी म्हणते: इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे 1161. सुहूर सन मृगाच्या सुमाराला बदलतो. इसवी साल काढायला तिथून डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून 600. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणून 1161 अधिक 600. नियम विसरला तरी पानिपत विसरत नाही, आणि त्यावरून नियम परत बांधता येतो.

या जानेवारीत वाडीतले एक काका प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. "वैनी, ह्या आमच्या आगराचा कागद आसा म्हणतत, बघशात काय?" त्यात साल होतं इसन्ने सबैन मया व अलफ, महिना फाल्गुन. 1172. फाल्गुन जानेवारीनंतरचा, म्हणून 600 मिळवले: 1772. खाली शके 1693 होतं. फाल्गुनात शकाला 79 मिळवायचे, तेही 1772 आलं. दोन्ही वाटांनी एकच साल आलं तेव्हा मला खात्रीने बोलता आलं. त्या दोन्ही नियमांची कार्डं मला त्याआधी तीन-चार महिन्यांत दिसलेलीही नव्हती.

इतका वेळ कार्ड दिसत नाही ते कसं, हे सांगायला हवं, कारण योजना हलकी राहते ती यामुळेच. बरोबर आलेलं कार्ड दर वेळी जास्त लांब ढकललं जातं. माझं "मौजे तर्फ" हे कार्ड आधी तीन दिवसांनी आलं, मग अकरा, मग पाच आठवडे, मग साडेतीन महिने, आणि आता आठ महिन्यांनी येणार आहे. लांब अंतर चालतं का, अशी शंका मलाही होती. हॅरी बाहरिक आणि त्यांच्या घरच्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौघांनी परभाषेतले शब्द पाठ केले होते. 56 दिवसांच्या अंतराने केलेल्या 13 उजळण्यांनी जेवढं टिकलं, तेवढंच टिकायला 14 दिवसांच्या अंतराने 26 लागल्या. लांब अंतरात प्रत्येक वेळी जास्त विसरायला होतं, आठवायला जड जातं, पण निम्म्या कष्टात काम होतं.

माझी एकूण कार्डं 340 आहेत. तिसऱ्या महिन्यात रोज पंचवीस-तीस यायची, आता सहा-सात येतात आणि चहा उकळेपर्यंत संपतात. वर्गातलं सगळं कार्डांवर आल्यावर मी नवीन कार्डांची रोजची मर्यादा शून्य केली. नवी कार्डं फक्त रविवारच्या वाचनात अडलेल्या शब्दांची, जास्तीत जास्त पाच, आणि ती त्याच दिवशी हाताने सोडते.

सेटिंगमध्ये एकाच गोष्टीकडे नीट लक्ष द्यावं असं माझं मत आहे. FSRS ही अँकीतली अंतरं ठरवण्याची पद्धत चालू केल्यावर `Desired retention` हा आकडा विचारतात, म्हणजे कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता किती हवी. मी हौसेने 0.95 ठेवला होता आणि रोजच्या कार्डांच्या ढिगाखाली दबले. आता अक्षरांच्या आणि सालांच्या कार्डांना 0.90 आहे, आणि कमाविसदार, फडणीस अशा दप्तरी शब्दांना 0.80. अक्षर अडलं तर ओळ अडते. शब्दाचा अर्थ अडला तर कोश आहे. 0.80 वर अंतरं दुपटीहून जास्त लांबली.

दुसरी चूक माझ्या बोटाची. उत्तर आठवलं नाही तरी "अगदी ओठांवर होतं" म्हणून मी `Hard` दाबत असे. `Hard` म्हणजे कष्टाने का होईना, पण आठवलं. न आठवलेल्याला `Again` च दाबायचं. दोन महिने मी अ‍ॅपला खोटं सांगत होते आणि ते भाबडेपणाने अंतरं लांबवत होतं. हे कळलं ते आकडेवारीत यश 95 टक्के दिसत असताना रविवारच्या पानावर तेच शब्द अडायला लागले तेव्हा.

रविवारचं पान हा या योजनेचा दुसरा पाय आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. पेटीतला न वाचलेला एक कागद घ्यायचा, वीस मिनिटं लावायची, पहिल्या दहा ओळींत किती ठिकाणी अडलो ते वहीत लिहायचं. पहिल्या रविवारी 31 ठिकाणी अडले होते, गेल्या महिन्यात सरासरी नऊ. कार्डांनी अक्षर जिवंत राहतं, पण सलग ओळीत शब्द कुठे तुटतो हे कार्ड शिकवत नाही. मोडीत सगळे इकार दीर्घ आणि उकार ऱ्हस्व, विरामचिन्हं नाहीत, त्यामुळे शब्द संदर्भानेच फोडावा लागतो. आंब्याच्या हंगामात मी पाच रविवार पान सोडलं आणि कार्डं मात्र रोज केली. परत बसले तेव्हा अडण्याची ठिकाणं नऊ-दहावरून सोळा झाली होती, कार्डांचे आकडे मात्र जसेच्या तसे.

खंड पडतोच. जुलैत चार दिवस वीज नव्हती, गणपतीत पाहुणे होते, आणि 140 कार्डं साचली. एका बैठकीत संपवायला गेले तर चाळिसाव्या कार्डानंतर डोळे नुसते फिरत होते. मग `Maximum reviews/day` 30 केलं आणि आठवड्याभरात हळूहळू फेडलं. उशिरा आलेली बरीच कार्डं तरीही आठवली, आणि त्यांची पुढची अंतरं उलट जास्त लांब गेली.

पेटीतले 38 कागद अजून न वाचलेले आहेत. त्यातला सर्वांत खालचा गठ्ठा नानांच्या मते शिवकाळातला आहे आणि त्याचं वळण माझ्या ओळखीचं नाही. तो पावसाळ्यात उघडणार आहे, दर रविवारी एक पान, आणि त्याची कार्डं वेगळ्या डेकमध्ये, म्हणजे अ‍ॅपमधल्या वेगळ्या संचात.