वर्डमधले इमोजी पीडीएफमध्ये काळे पडतात: चित्र लावावं, अक्षराला रंग द्यावा की गूगल डॉक्समधून काढावं?

बालवाडीसाठी सवयींचा तक्ता केला होता. ‘दात घासले’समोर 🪥, ‘डबा संपवला’समोर 🍎, शेवटी शाबासकीचं ❤️. विंडोजवरच्या वर्डमध्ये सगळं रंगीत दिसत होतं. पीडीएफ काढली तर सफरचंद आणि हृदय नुसतं काळं. वर्डची फाइल झेरॉक्सच्या दुकानात नेली, तर तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर ब्रशच्या जागी रिकामा चौकोन!

ही दोन वेगळी दुखणी आहेत. चौकोन येतो तो त्या कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये ते चिन्हच नसतं म्हणून. ब्रश 2020 च्या संचातला आहे. काळेपणाचं कारण निराळं. Segoe UI Emoji या फॉन्टमध्ये प्रत्येक इमोजीचा एकरंगी आकार असतो आणि त्याच्यासोबत रंगांचे थर. वर्ड पडद्यावर थर दाखवतं, पण छपाईला आणि पीडीएफला बहुतेक वेळा नुसता आकार पाठवतं. म्हणून आधी पीडीएफ उघडून बघा. ती पडद्यावरच काळी असेल तर प्रिंटरची शाई बदलून काही होणार नाही.

हृदय, बरोबरची खूण, चांदणी अशी एकरंगी चिन्हं असतील तर सर्वांत सोपं म्हणजे त्यांना Segoe UI Symbol फॉन्ट लावून अक्षराचा रंग लाल किंवा हिरवा करणं. छापून तोच रंग येतो, आकार कितीही मोठा करा, कडा स्वच्छ राहतात. सफरचंदाला मात्र हे चालत नाही, कारण पान हिरवं आणि फळ लाल एकाच अक्षरात जमत नाही.

तिथे चित्रच हवं. वर्डचा झूम 500% करा, Win+Shift+S ने इमोजी कापून घ्या, त्याच जागी चिकटवा आणि लहान करा. झूम का, तर 12 पॉइंटचा इमोजी साधारणपणे 100% वर जेमतेम 16 पिक्सेलचा असतो आणि कागदावर धुरकट दिसतो. 500% वर तो 80 पिक्सेलचा मिळतो. चित्राची मांडणी In Line with Text ठेवा, नाहीतर ओळ सरकली की चित्र मागे राहतं. इमोजी चाळीस असतील तर हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदा केलेलं चित्र कॉपी करून पुन्हा वापरता येतं. शिवाय दुकानातल्या कॉम्प्युटरवरही चौकोन येत नाही.

गूगल डॉक्समध्ये फाइल उघडून तिथून पीडीएफ काढली तर इमोजी रंगीत येतात, तेही काही न करता. पण चेहरेपट्टी गूगलची असते, आणि मराठी मजकुराचा फॉन्ट तिथे नसला तर दुसरा बसतो, ओळी तुटण्याच्या जागा बदलतात. माझा एका पानाचा तक्ता दोन पानांवर गेला. साध्या पत्राला हा मार्ग उत्तम, तक्त्याला मी तो घेणार नाही.

माझ्या तक्त्यात शेवटी हृदयाला लाल रंग दिला, सफरचंद आणि ब्रश चित्रं म्हणून लावले, आणि दुकानात वर्डची फाइल न देता पीडीएफ दिली.