पावतीच्या फोटोवरून रक्कम उतरवताना: फक्त आकडा घ्यावा, दुरुस्त करून घ्यावी की जशीच्या तशी?

जत्रा आटोपली की गोव्यातल्या देवस्थान समित्यांकडे पावत्यांचे फोटो साचतात. कुणी वाड्यावर वर्गणी गोळा केलेली असते, कुणी चेकचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. ते सगळे वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवायला बसणाऱ्याने सुरुवातीलाच पद्धत ठरवलेली बरी. लोक तीन पद्धती वापरतात.

फक्त आकडा घेणे सर्वांत जलद. ५१ रुपयांच्या छापील कुपनांना ते चालते, कारण तिथे हाताने काही लिहिलेलेच नसते. हाताने लिहिलेल्या पावतीला मात्र ही पद्धत मी सुचवणार नाही. आपल्याकडे एकाच पावती पुस्तकात एक जण मराठी आकडे लिहितो, दुसरा इंग्रजी. मराठी १ आणि इंग्रजी 9 घाईच्या अक्षरात सारखेच दिसतात. मराठी ४ आणि इंग्रजी 8 यांचीही तीच गत.

एक नमुना घेऊ. चौकटीतला आकडा 9500/- आहे, पण मराठी आकड्यांची सवय असलेल्या डोळ्याला तो पंधराशे वाटतो. खाली अक्षरी लिहिले आहे, ‘नव हजार पांचशे फक्त’. आता परत आकड्याकडे पाहा. दुसरा अंक इंग्रजी 5 आहे, मराठी ५ नाही, म्हणजे पहिलाही इंग्रजीच आणि तो नऊ. त्याच हातची तारीख आणि पावती क्रमांकही ताडून बघावा. इथे लिहिणाऱ्याची चूक नाही, आपलेच वाचन चुकत होते. फक्त आकडा उतरवणाऱ्याच्या हातून मात्र आठ हजार रुपये निसटले असते.

दुसरी पद्धत ‘नीट’ करून लिहिण्याची. वर दिलेले ‘नव हजार पांचशे’ कोकणी वळणाचे आहे, उतरवणारा ते ‘नऊ हजार पाचशे’ करतो. ‘दीड हजार’चे ‘एक हजार पाचशे’ करतो. वाचायला हे छान, आणि इथवर नुकसानही नाही. पण हात एकदा सुधारायला लागला की थांबत नाही. आकड्यात २,५०१/- आणि अक्षरी ‘दोन हजार पाचशे फक्त’ अशी पावती आली, तर तो वरचा एक रुपया अक्षरांत आपणहून घालतो. देणगी एकावर संपते हे त्याला ठाऊक असते, आणि बहुधा तो बरोबरही असतो. तरी पावतीत तफावत होती ही गोष्ट वहीतून कायमची पुसली जाते. पुढे भरणा एक रुपयाने कमी निघाला, तर कुठली पावती उघडायची हे कुणालाच कळत नाही.

तिसरी पद्धत वेळखाऊ, पण माझा कौल तिलाच. एका रकान्यात आकडा जसा आहे तसा: त्याच लिपीत, स्वल्पविराम असेल तिथेच, ‘/-’ असेल तर त्यासकट. दुसऱ्यात अक्षरी रक्कम, शुद्धलेखनाच्या चुकांसह. बेरजेसाठी तिसरा रकाना वेगळा. तुमचा निर्णय फक्त तिथे. ‘/-’ आणि ‘फक्त’ गाळू नयेत, कारण पुढे शून्य किंवा शब्द वाढवता येऊ नये म्हणूनच ते लिहिलेले असतात. जिथे ते नाहीत ती पावती जास्त तपासण्यासारखी. एक्सेलमध्ये पहिल्या रकान्याचे स्वरूप आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर 1,25,000 लिहिताच त्याची संख्या होते आणि स्वल्पविराम एक्सेलच्या मर्जीने पडतात. अक्षरी ओळ कोरी असेल तर ‘कोरी’ लिहा. घडीत किंवा अंगठ्याखाली गेलेल्या शब्दाजागी ‘अवाच्य’ लिहून फोटो परत मागवा. आकडा बघून तो शब्द भरू नका.

तफावत निघाली तर पुढे काय, हे चेक आणि पावतीला वेगळे आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे चेकवर आकडा व अक्षर जुळत नसेल तर अक्षरी रक्कम धरायची. व्यवहारात मात्र बँक असा चेक बहुधा परत करते. सीटीएस पद्धतीत चेकची प्रतिमाच पुढे जाते आणि तारखेच्या मुदतवाढीखेरीज खाडाखोड चालत नाही, त्यामुळे सही करून रक्कम दुरुस्त करण्यात अर्थ नाही. देणगीदाराकडून नवा चेक घ्यावा, तोही भरण्याआधीच.

साध्या पावतीला ते कलम लागू नाही. तिथे अक्षर आपोआप जिंकत नाही. पुस्तकातली स्थळप्रत, त्या दिवसाचा भरणा आणि देणगीदार यांना विचारूनच तिसऱ्या रकान्यातली रक्कम ठरवावी, आणि शेजारी कशावरून ठरवली ते लिहावे: ‘स्थळप्रतीवरून २५०१’. पहिले दोन रकाने तेव्हाही बदलायचे नाहीत.