एसएम ५८ माइक, काही महिन्यांच्या वापरानंतर: घुमणं वेगळं, फटका वेगळा

शुअरचा एसएम ५८ मी अंबाजोगाईत दोन कामांना वापरतो. घरी पत्र्याच्या खोलीत गोष्टी वाचून रेकॉर्ड करतो आणि सप्ताहात कीर्तनाला लावतो. १९६६ पासून चालत आलेलं मॉडेल आहे, मजबूत आहे, त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं सापडतं. मला लिहायचंय ते तोंड फार जवळ नेल्यावर आवाजाचं काय होतं त्याबद्दल. आवाज घुमतो आणि ‘प’, ‘भ’ला धप्पकन फटका बसतो. दोन्ही त्रास सोबतच येतात म्हणून लोक एकच समजतात. पण कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे.

ओळखायचं कसं? हेडफोन लावून ‘पंढरपूरला पाऊस पडला, भाऊ भिजला’ हे वाक्य जाळीला ओठ लावून रेकॉर्ड करा. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून एवढा खालचा आवाज बाहेरच पडत नाही. ‘ऊ’, ‘आ’ असे सगळेच स्वर मडक्यात बोलल्यासारखे जड वाटले तर ते घुमणं. फक्त शब्दाच्या सुरुवातीला, ‘प’ किंवा ‘भ’वर धक्का बसला तर तो फटका. स्क्रीनवरही दिसतो: त्या जागी रेघ एकदम मोठी, संथ हेलकावा घेते.

फटका म्हणजे नुसती हवा. ओठ मिटून मागे दाब साठतो, ओठ उघडले की हवेचा झोत सरळ समोर सुटतो. तळहात तोंडासमोर धरून ‘प’ आणि ‘म’ म्हणून बघा. ‘म’ची हवा नाकातून जाते, हाताला काही लागत नाही. मराठीत ‘ब’पेक्षा ‘भ’ जास्त त्रास देतो, कारण त्यात श्वास जास्त असतो. हा झोत माइकच्या पडद्यावर आदळतो. पण झोत अरुंद असतो आणि समोरच जातो, आवाज मात्र चहूकडे पसरतो. म्हणून माइक तोंडाच्या रेषेतून काढून गालाच्या बाजूला घ्यायचा आणि तोंडाच्या कोपऱ्याकडे तिरपा रोखायचा. झोत बाजूने निघून जातो, आवाज तेवढाच मिळतो. या माइकच्या जाळीत आतून स्पंज आहे, पण ओठ टेकले की तो पुरत नाही. कापडी पॉप फिल्टर लावला तर फिल्टर आणि जाळी यांत तीन-चार बोटं मोकळी ठेवा. झोताला विरायला जागा लागते, जाळीला चिकटवलेल्या फिल्टरचा फारसा उपयोग होत नाही.

घुमण्यावर मात्र पॉप फिल्टर चालत नाही. हा माइक समोरचं जास्त ऐकतो, कारण त्याच्या पडद्यामागेही आवाज शिरायला वाट आहे आणि पुढचा-मागचा दाब यातला फरक पडदा हलवतो. लांबून येणारा आवाज दोन्हीकडे जवळपास सारख्याच जोराचा पोचतो, फक्त मागे किंचित उशिरा. खर्जाची लाट लांब असते, १०० हर्ट्झची जवळपास साडेतीन मीटर. तेवढ्या उशिराने तिच्यात फारसा फरक पडत नाही, म्हणून खर्ज मुळात कमी उचलला जातो आणि बनवणारे तो आतूनच भरून काढतात. ओठ जाळीला आले की हिशोब बदलतो. मागची वाट पुढच्यापेक्षा बरीच लांब ठरते, पुढचा जोर मागच्यापेक्षा खूप जास्त होतो. आता खर्जातही मोठा फरक मिळतो आणि वर आधीची भरपाई चालूच असते. अगदी टेकून बोललं तर १०० हर्ट्झला ६ ते १० डेसिबल वाढ होते. याला उपाय अंतराचा.

खोलीत मी एक बोट, चार बोटं आणि एक वीत असं तिन्ही अंतरांवर तेच वाक्य रेकॉर्ड केलं. एका बोटावर दोन्ही त्रास. वितीवर घुमणं गेलं, पण अंतर वाढलं तसा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची पातळी, चढवावा लागला आणि पत्र्याचा घुमारा, शेजारच्या कुलरची घरघर आत आली. उन्हाळ्यात आपल्याकडे कुलर बंद ठेवून किती वेळ वाचणार? चार बोटं आणि तिरपा माइक, इथे जमलं. उरलेला जडपणा सॉफ्टवेअरमध्ये २०० हर्ट्झच्या खाली तीन-चार डेसिबल उतरवून काढतो. नुसता ८० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारं फिल्टर, घुमण्याला पुरत नाही, कारण पुरुषाचा आवाजच साधारण १०० च्या आसपास सुरू होतो. फटक्याला मात्र तो बराच लागू पडतो. पण फटक्याने सिग्नल फाटला असेल तर नंतर कोणतंही फिल्टर तो जोडून देत नाही. गेन आधीच बेताचा ठेवा.

सप्ताहात हे अंतर चालत नाही. माइक लांब गेला की पखवाज आणि टाळ आत शिरतात, गेन वाढवला की शिटी वाजते. तिथे जवळच धरावा लागतो. मी एवढंच सांगतो, “महाराज, माइक हनुवटीपाशी घ्या, रोख ओठांकडे राहू द्या, आणि जाळीला मूठ मारू नका.” मूठ मारली की मागची वाट बंद होते, माइक चहूकडचं ऐकायला लागतो आणि शिटी आणखी लवकर येते. मिक्सरवर लो-कटचं बटण दाबलेलं असतं, बासचं बटण थोडं मागे. महाराज रंगात येऊन माइक ओठांना लावतात तेव्हा मी ते अजून मागे घेतो आणि ते सरळ उभे राहिले की परत आणतो. पूर्ण कीर्तनभर हात तिथेच ठेवावा लागतो.