किती जण अडले, की कुठे अडले?

पाच ग्राहकांना नवी साइट वापरायला दिली, नोंदी जमल्या. आता आधी काय दुरुस्त करायचं?

सोपी रीत म्हणजे डोकी मोजायची: चौघांना मेनूतली अक्षरं बारीक वाटली, म्हणून ते पहिलं. दुसरी रीत काम कुठे थांबलं ते बघते. पाचवीचा फोन नंबर एका आकड्याने चुकला, तर फॉर्म सगळे रकाने कोरे करून परत आला. तिने सरळ टॅब बंद केला. मोजणीत ही नोंद तळाला जाते. पण पाचांत एक म्हणजे हजारांत किती, हे इतक्या कमी माणसांवरून कळत नाही. आणि त्या चौघांनी कुरकुरत का होईना, ऑर्डर पूर्ण केली होती. मी फॉर्म आधी घेईन. डोकी मोजायची ती दोन दोष सारखेच अडवत असतील तेव्हा.