12 टक्के चार्जवर डेक्कन ते बावधन: चांदणी चौकाचा चढ की पाषाणचा वळसा?

पुण्यात इलेक्ट्रिक स्कूटरने डेक्कनवरून बावधनला जायचे दोन सरळ पर्याय. पौड रोडने चांदणी चौक चढून गेलं तर सुमारे 8 किलोमीटर, आणि गणेशखिंड रोड, विद्यापीठ चौक, पाषाण असं फिरून गेलं तर सुमारे 11. चार्ज कमी असला की बहुतेक जण चढ टाळून पाषाणने जातात. आधी हिशेब मांडून बघा.

बॅटरी 3 युनिटची, म्हणजे 12 टक्क्यांत 360 वॉट-तास. स्कूटर, तुम्ही आणि बॅग मिळून 200 किलो. सपाट रस्त्यावर 35-40च्या वेगाने किलोमीटरला 30 वॉट-तास धरू. एवढं वजन 10 मीटर वर न्यायला साधारण 7 वॉट-तास जादा लागतात, म्हणजे पाव किलोमीटरची वीज. चांदणी चौकाचा चढ 80 मीटर धरला, तर पौड रोडने 295 लागतात. पाषाणकडून चढ निम्मा धरला, तरी अंतरामुळे 355च्या पुढे जातं. सपाट रस्ताच बॅटरी संपवतो!

मग पौड रोडच घ्यावा का? इथे मात्र थांबा. चढाची खरी अडचण किती वीज लागते ही नाही, ती एकदम लागते ही आहे. चढाच्या पायथ्याशी, भुसारी कॉलनीपर्यंत, 5 किलोमीटर झालेले असतात आणि चार्ज 7 टक्क्यांवर आलेला असतो. चढावर मोटर सपाटीच्या जवळपास दुप्पट करंट ओढते, रिकामी होत आलेल्या बॅटरीचा व्होल्टेज दबतो, आणि सेल वाचवायला गाडी स्वतःच पॉवर कापते. थ्रॉटल पूर्ण पिळूनही वेग पडत जातो. थोडं थांबलं की आकडा एक-दोन टक्के वर गेलेला दिसतो. तो व्होल्टेज सावरल्याचा आहे, चार्ज वाढल्याचा नाही. त्यावर विसंबून पुन्हा चढायला लागू नका.

म्हणून 12 टक्क्यांवर मी दोन्ही रस्ते नाकारेन आणि डेक्कनलाच 20 मिनिटं थांबेन. ओळखीच्या दुकानात साधा प्लग मिळाला आणि सोबतचा चार्जर 750 वॉटचा असला, तर बॅटरीत सुमारे 7 टक्के भर पडते. मग चढाच्या पायथ्याशी 14 टक्के उरतात आणि पौड रोड चालतो, चढावर वेग 20-25 ठेवून.

डेक्कनला प्लग मिळालाच नाही, तर पाषाणचा रस्ता घ्यायचा; पण वाटेत विद्यापीठ चौकाच्या आसपास चार्जिंग नक्की मिळणार असेल तरच. नकाशावरची खूण उघडून पिनचा प्रकार बघा. ‘CCS2’ लिहिलं असेल तर ती जागा मोटारींची, तुमच्या स्कूटरला ती पिन बसणार नाही. शेजारी 15 अँपिअरचं सॉकेट आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा.