«तू पिशव्या उचलल्यास»: शब्दांवर व्याकरणखुणा लावण्याच्या तीन पद्धती

ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून उतरवून काढल्या आहेत आणि आता त्यातील प्रत्येक शब्दाखाली पुरुष, वचन, लिंग, विभक्ती, काळ यांच्या संक्षिप्त खुणा लिहायच्या आहेत. शाळेत शिकलेली पद्धत, भाषाविज्ञानातील लाइप्झिग नियम आणि संगणकासाठीची युनिव्हर्सल डिपेंडन्सीज ही चौकट यांपैकी काय निवडावे, असा तिचा प्रश्न होता. तिच्याच उताऱ्यातले, ठाणे स्थानकावरच्या प्रसंगातले एक वाक्य तिन्ही पद्धतींनी मांडून पाहिले, तर निवड बरीचशी आपोआप होते.

आजी आपल्या मुलीला म्हणते, «तू पिशव्या उचलल्यास.» शालेय पद्धतीने लिहायचे तर «तू» हे द्वितीय पुरुषी, ए.व., «पिशव्या» हे नाम, स्त्री., अ.व., प्रथमा, आणि «उचलल्यास» हे क्रियापद, भूतकाळ. अडचण शेवटच्या शब्दात आहे. त्यातला «या» पिशव्यांचे लिंग आणि वचन सांगतो, तर शेवटचा «स» हा «तू»चा आहे. म्हणजे एकाच क्रियापदात कर्माचे अनेकवचन आणि कर्त्याचे एकवचन एकत्र नांदतात. आपल्या व्याकरणाने या रचनेला कर्तृ-कर्म संकर असे नाव दिलेले आहे. ही त्या परंपरेची मोठीच जमेची बाजू आहे. मात्र तिच्यात कोणता तुकडा कोणाचा हे खुणेतून दिसत नाही, ते वेगळ्या वाक्यात समजावावे लागते.

लाइप्झिग नियम एकूण १० आहेत. त्यांतले सर्वांत उपयोगी दोन नियम असे, की शब्दाचे जितके तुकडे आडव्या रेघेने पाडले, तितकेच तुकडे खालच्या ओळीत असले पाहिजेत, आणि एकाच तुकड्यात दोन अर्थ असतील तर ते टिंबाने जोडावेत.

```
तू     पिशव्या        उचल-ल्-या-स
2SG   पिशवी.F.PL    उचल-PFV-F.PL-2SG
```

येथे `F.PL` पिशव्यांकडे आणि `2SG` «तू»कडे जातो, हे वाचकाला न सांगताच कळते. «ल्»ला `PST` न म्हणता `PFV` म्हणावे, असे माझे मत आहे, कारण «उचलल्या असतील» यातही तोच «ल्» आहे आणि तिथे काळ भूतकाळ नाही, क्रिया पूर्ण झाल्याचा भाव आहे. दुसरा फायदा विभक्तीत दिसतो. «मुलीने पिशव्या उचलल्या» आणि «मुलीने चाकूने दोरी कापली» यांतल्या प्रत्येक «ने»ला शालेय पद्धत तृतीयाच म्हणते, पण लाइप्झिग खुणांमध्ये कर्त्याच्या «ने»ला `ERG` आणि साधनाच्या «ने»ला `INS` असे वेगळे करता येते. हा भेद उताऱ्यात सर्वत्र सारखा पाळला पाहिजे, नाहीतर पुढे शोध घेताना निम्मी उदाहरणे हाती लागत नाहीत.

युनिव्हर्सल डिपेंडन्सीजमध्ये प्रत्येक शब्द एका ओळीत आणि त्याची माहिती १० स्तंभांत असते. गुणधर्म सहाव्या स्तंभात, नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी, वर्णानुक्रमाने लिहितात. तिथे «उचलल्यास»साठी `Number` एकदाच लिहिले, तर ते `Plur` असावे की `Sing`, हा पेच पडतो. बास्क भाषेसाठी ही चौकट चौकोनी कंसात थर दाखवते, तोच मार्ग येथे चालतो:

```
Aspect=Perf|Gender=Fem|Number=Plur|Number[erg]=Sing|Person[erg]=2
```

संगणकाला मोजणी व शोध यांसाठी हे सोयीचे आहे, पण शब्दाचा कोणता तुकडा काय सांगतो, हे यातून नाहीसे होते. शिवाय «पिशव्या उचलल्यास पाठ दुखेल» यातला «उचलल्यास» दिसायला तंतोतंत तसाच असला तरी तो अटीचा अर्थ देतो आणि त्यातला «स» द्वितीय पुरुषाचा नाही. तो फरक यंत्राने पाडलेल्या खुणांत चुकण्याची शक्यता असते, म्हणून असे शब्द हाताने तपासावेत.

चूक ओळखण्याची एक सोपी रीत आहे. क्रियापदावरचे लिंग-वचन वाक्यातल्या कोणत्या तरी प्रथमेतल्या शब्दाशी जुळले पाहिजे. जुळत नसेल तर बहुधा खूण चुकलेली असते. अपवाद लक्षात ठेवावा: «आईने मुलींना उचलले» येथे दोन्ही नामांना प्रत्यय लागल्याने क्रियापद कोणाशीच जुळत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनी, म्हणजे `N.SG` होते, आणि तेच बरोबर आहे.

आजीच्या बोलण्याचे मराठी वाचकांसाठी छोटे पुस्तक करायचे असेल तर शालेय खुणा पुरतात आणि त्या कोणालाही शिकवाव्या लागत नाहीत. प्रबंधात किंवा लेखात उदाहरणे द्यायची असतील तर लाइप्झिग घ्यावी. हजारो वाक्यांत शोध घ्यायचा असेल तर तिसरी. या विद्यार्थिनीकडे साधारण ४० पाने आहेत आणि प्रबंध लिहायचा आहे, त्यामुळे तिला मी लाइप्झिग सुचवली. त्या तुकड्यांमधून गुणधर्मांच्या जोड्या पुढे तयार करता येतात, पण जोड्यांमधून तुकडे परत मिळवता येत नाहीत.