पॅडिंगचा स्लायडर 256 वर का थांबतो? इनपेंटिंग वापरून लग्नसराई काढल्यानंतरचा अनुभव

स्टेबल डिफ्यूजन या चित्रे काढणाऱ्या मॉडेलचा वेब यूआय मी अंबाजोगाईतील माझ्या स्टुडिओत लग्नसराईभर वापरला आणि एरवी त्याच्याविषयी काही लिहिलेही नसते; परंतु 20 बाय 30 इंचांची एक फ्रेम गिऱ्हाइकाने परत आणली आणि लिहिणे भाग पडले. नवरदेवाचे मामा फ्रेम टेबलावर ठेवून म्हणाले, "फोटोवाले, वाड्याच्या भिंतीला हितं भेग कशी काय पडली? आमच्या भिंतीला तर कुठंच भेग नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. फोटोत जोडप्यामागे काळ्या दगडाच्या चिरेबंदी भिंतीला टेकून एक निळा प्लास्टिकचा ड्रम, बादली आणि नळी होती. ती काढून त्या जागी भिंत पुढे चालू ठेवायची होती. भिंत आली, पण दगडांचे थर जुन्या थरांशी जुळले नाहीत. पडद्यावर ते नजरेतून सुटते, मोठ्या प्रिंटवर सुटत नाही, आणि एवढ्या आकाराची प्रिंट पुन्हा काढण्याचा खर्च माझ्या खिशातून जातो.

इनपेंटिंग म्हणजे काय, `Only masked` आणि `Whole picture` यांत फरक कोणता, हे वाचकांना ठाऊक आहे असे मी धरतो. मला बोलायचे आहे ते `Only masked padding, pixels` या एका स्लायडरविषयी, कारण माझ्या मते या साधनातील निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे. मास्कभोवतीची किती किनार मॉडेलला दाखवायची हे तो ठरवतो. तो आपसूक 32 वर असतो. हा आकडा मूळ फोटोच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो, मॉडेल ज्या आकारात चित्र काढते त्या आकारात नव्हे, आणि सगळी गंमत इथेच आहे. 512 पिक्सेलच्या चित्राला चारही बाजूंनी 32 ची किनार बऱ्यापैकी असते. माझ्या कॅमेऱ्याच्या 6000 बाय 4000 च्या फोटोत तेवढीच किनार नखाएवढीही नसते.

त्या भिंतीचाच हिशेब मांडतो. ड्रम, बादली आणि नळी मिळून मास्क साधारण 1000 बाय 1000 पिक्सेलचा झाला. 32 च्या पॅडिंगसह यंत्राने 1064 चा चौकोन कापला, तो 1024 वर आणला आणि मॉडेलपुढे ठेवला. भिंतीतील दगडांचा एक थर त्या फोटोत सुमारे 240 पिक्सेल उंच आहे. म्हणजे मॉडेलला मास्कच्या बाहेर एकही पूर्ण दगड दिसला नाही, दिसली ती दगडाच्या आठव्या हिश्शाएवढी पट्टी. त्यातच हे मॉडेल आठ पिक्सेलांमागे एक घर अशा आखडलेल्या जाळीवर काम करते, त्यामुळे ती किनार त्याच्या लेखी चार घरांची उरली. काळा रंग आणि खरखरीत पोत एवढे त्याला कळले. थर किती उंच, सांधे कोणत्या रेषेत चालले आहेत, हे कळायला मार्गच नव्हता. त्याने आपल्या मनाचे थर रचले. एकदा तर त्याने तिथे लाकडी दार काढून दिले, आणि ड्रमची सावली मास्कबाहेर राहिली तेव्हा त्या सावलीला शोभेलसा नवा पिंपही आणून ठेवला.

सुरुवातीच्या काळात माझे मत असे होते की दगडी बांधकाम या मॉडेलच्या आवाक्यातले नाही, आणि ओळखीच्या एकदोन स्टुडिओवाल्यांना मी तसे सांगतही असे. पॅडिंग 256 वर नेले तेव्हा ते मत बदलले. आता कापलेला चौकोन 1512 चा होतो, मास्कच्या प्रत्येक बाजूला एक पूर्ण थर आणि थोडे अधिक दिसते, आणि सांधे बहुतांशी रेषेत येतात. पण "बहुतांशी" या शब्दावर फ्रेम विकता येत नाही. दोन थर दिसले तर मॉडेलला फेर कळतो: दगड, सांधा, दगड, सांधा. त्यासाठी 480 चे पॅडिंग हवे, आणि हा स्लायडर 256 वरच थांबतो! ज्याने कोणी ही मर्यादा ठरवली त्याने 24 मेगापिक्सेलचा फोटो कधी उघडला नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर वापरणाऱ्यांमध्ये रूढ असलेली एक युक्ती आहे आणि ती मनापासून सांगण्यासारखी आहे. कापायचा चौकोन मास्कच्या सर्वांत बाहेरच्या ठिपक्यांवरून ठरतो. म्हणून मुख्य मास्कच्या वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्यापासून तिरपे, दोन्ही दिशांनी सव्वादोनशे पिक्सेल दूर, मास्कच्या ब्रशने एकेक बारीक ठिपका द्यायचा. चौकोन तिथपर्यंत ताणला जातो, त्यावर 256 चे पॅडिंग चढते आणि मॉडेलपुढे सुमारे 1960 पिक्सेलचा तुकडा येतो. ठिपका खरोखर बारीक असेल तर `Mask blur` मुळे तो इतका फिका होतो की त्याच्या जागी नवे काही दिसण्याइतके रंगत नाही. चौकोन मोजताना मात्र तो धरला जातो. ठिपके कुणाच्या चेहऱ्यावर येऊ देऊ नयेत, एवढे पथ्य पाळावे.

परंतु संदर्भ फुकट मिळत नाही. 1960 चा तुकडा 1024 मध्ये बसवला की 1000 चा मास्क जेमतेम 520 पिक्सेलमध्ये रंगवला जातो आणि परत चिकटवताना जवळजवळ दुप्पट ताणला जातो. थर तंतोतंत जुळतात, पण दगड धुतल्यासारखा गुळगुळीत दिसतो आणि शेजारच्या खऱ्या दगडाची बारीक छिद्रे आणखीच डोळ्यांत भरतात. म्हणून आता हे काम मी दोन फेऱ्यांत करतो. पहिल्या फेरीत ठिपक्यांसह मोठा संदर्भ, `Masked content` मध्ये `fill` आणि `Denoising strength` जास्त ठेवून फक्त रचना मिळवतो. `original` ठेवले तर ड्रमचा निळा रंग दगडांत उतरतो. दुसऱ्या फेरीत त्याच जागेवर सुमारे 500 पिक्सेलचे छोटे मास्क एकेक करून घेतो, पॅडिंग 256, `original`, आणि `Denoising strength` 0.35 ते 0.4. 500 अधिक दोन वेळा 256 म्हणजे 1012. तुकडा जवळपास जसाच्या तसा मॉडेलपुढे जातो, ना ताणला जातो ना आखडतो, आणि पोत शेजारच्या दगडासारखा येतो. थर कुठे आहेत हे पहिल्या फेरीने ठरवलेलेच असते, त्यामुळे छोट्या मास्कला मोठ्या संदर्भाची गरज उरत नाही. वेळ लागतो, मेची दुपार आणि इन्व्हर्टरवर ग्राफिक्स कार्ड हे समीकरण आमच्याकडे जमत नाही, म्हणून ही कामे मी रात्री करतो. दरमहा पैसे भरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर काम करण्यापेक्षा मला ते परवडते.

दोन्ही फेऱ्यांत प्रॉम्प्टमध्ये लग्न, कुटुंब, माणसे असे काही लिहू नये. या पद्धतीत मॉडेल कापलेल्या तुकड्यालाच संपूर्ण चित्र समजते, आणि "family" लिहिले की भिंतीत वीतभर माणसे उगवतात. मी एवढेच लिहितो:

```
old black basalt stone wall, lime mortar joints, daylight
```

आता फेदरविषयी, म्हणजे मास्कच्या मऊ कडेविषयी, कारण जोड दिसला की प्रत्येक जण आधी `Mask blur` वाढवतो आणि मीही अनेक महिने तेच उत्तर देत होतो. आपसूक असलेला 4 हा आकडा कडेच्या आत आणि बाहेर सुमारे दहा-दहा पिक्सेल पसरतो. 30 इंचांच्या प्रिंटवर 6000 पिक्सेल म्हणजे इंचाला 200, म्हणजे ही मऊ पट्टी अडीच मिलिमीटरची झाली. सपाट भिंतीवर ती कात्रीने कापल्यासारखी दिसते. 12 ठेवले तर प्रत्येक बाजूला तीस पिक्सेल मिळतात आणि रंगातला किंचित फरक विरून जातो. मात्र फेदर रंग जुळवतो, रेषा जुळवत नाही. सांधे चार पिक्सेलांनीही सरकलेले असतील तर रुंद फेदरमध्ये जुना सांधा आणि नवा सांधा दोन्ही अर्धवट दिसतात आणि दगडाला दुहेरी कड येते. मामांना दिसलेली भेग नेमकी हीच होती.

दुसरी गोष्ट मास्कच्या आकाराची. फेदर कडेच्या दोन्ही बाजूंना पसरत असल्याने, मास्क ड्रमच्या कडेला अगदी चिकटून काढला तर त्या कडेवर निम्मा जुना फोटो तसाच राहतो आणि भिंतीवर निळसर कडे उमटते. म्हणून `Mask blur` च्या अडीच पट तरी मास्क वस्तूच्या बाहेर न्यावा. 12 साठी तीस पिक्सेल. सावली आणि दगडावर पडलेली निळी झाकसुद्धा आत घ्यावी. याउपर मास्क उगाच फुगवू नये, कारण चांगली भिंत पुसून तीच पुन्हा काढायला लावण्यात काही शहाणपण नाही. चिरेबंदी कामात मी मास्कची कड सरळ सांध्यांवरून फिरवतो, म्हणजे मऊ पट्टी चुन्यात पडते आणि दगडाच्या पोटात येत नाही. तिथे `Mask blur` 6 पुरतो. खालची फरशी सपाट असेल तर तेवढा भाग वेगळ्या मास्कने, 16 ठेवून करतो.

काय बिघडले आहे हे 100 टक्के झूमवर ओळखता येते. सांधा मास्कच्या कडेपाशी येऊन तुटत असेल तर संदर्भ कमी पडला, फेदर वाढवून काही होणार नाही. सांधे दुहेरी दिसत असतील तर फेदर जास्त आहे. रेषा जुळूनही दगड मऊ वाटत असेल तर तुकडा फार मोठा कापला गेला. पूर्ण प्रिंट काढण्याआधी मी जोडाचा भाग तेवढा त्याच मापात 4 बाय 6 च्या कागदावर काढून खिडकीच्या उजेडात पाहतो.

मामांची फ्रेम याच रीतीने बदलून दिली आणि त्यांनी भिंतीवरून बोट फिरवून ती घेतली. पैठणीच्या पदरावर मात्र यातले काहीच पुरत नाही. तिथला मोर एकदाच येतो, त्यामुळे कितीही संदर्भ दिला तरी मॉडेलला उचलायला फेर सापडत नाही, आणि फेदर कितीही कमी ठेवला तरी जरीची तार तुटते. पदरावर कुणाचा हात आला असेल तर त्याच लग्नातील दुसऱ्या फोटोतून पदर उचलून मी तो हाताने बसवतो आणि त्याचे पैसे वेगळे लावतो.